‘संशयावरून’ हा शब्द कुणाचा?

शहराच्या पानावर ही वाक्ये रोज भेटतात. ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून.’ ‘एकतर्फी प्रेमातून तरुणीवर कोयत्याने वार.’ ‘कौटुंबिक वादातून विवाहितेला संपवले.’ एक ‘-तून’ किंवा ‘-वरून’ लावला, की गुन्ह्याचे कारण दोन शब्दांत सांगून होते. सिंगल कॉलमच्या शीर्षकात त्याहून जास्त जागाही नसते. मात्र ते कारण कुणी सांगितले, हे त्या दोन शब्दांत कुठेच राहत नाही.

माध्यमशास्त्राच्या एम.ए.ला शेवटच्या सत्रात लघुप्रबंध असतो आणि गुन्हेगारीच्या बातम्या हा विषय दरवर्षी कुणीतरी निवडतेच. विषयाचे नाव बहुधा ठरलेले असते : ‘मराठी वृत्तपत्रांतील गुन्हेगारी वार्तांचे चित्रण’. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी असाच कागद घेऊन आली. तिला म्हटले, “तुला नक्की काय मोजायचंय?” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मॅडम, बायकोला मारलं की बातमीत कारण लगेच येतं. ते कुणी सांगितलेलं असतं? बायको तर नसतेच सांगायला.” मी तिला कागद उलटा करायला सांगितला आणि हेच वाक्य मागे लिहून घ्यायला लावले. प्रबंध त्या वाक्यातून उभा राहिला.

या कामाच्या पद्धतीला आशय विश्लेषण म्हणतात. बर्नार्ड बेरेलसन या अमेरिकन अभ्यासकाने १९५२ साली तिची जी व्याख्या केली, ती आजही पहिल्या प्रकरणात सगळे देतात. मजकुरात उघडपणे जे दिसते त्याचे वस्तुनिष्ठ, पद्धतशीर आणि संख्यात्मक वर्णन, असा तिचा अर्थ. यातला ‘उघडपणे’ हा शब्द विद्यार्थी वाचून सोडून देतात आणि पुढे तिथेच अडकतात. ‘बातमी सनसनाटी आहे का : होय / नाही’ असा रकाना मी कितीतरी प्रबंधांत पाहिला आहे. तो भरता येत नाही. एकाला जी बातमी सनसनाटी वाटते ती दुसऱ्याला नेहमीची वाटते, आणि दोघेही प्रामाणिक असतात. त्याऐवजी मजकुरात बोट ठेवून दाखवता येईल असे विचारायचे : हत्यार कोणते, वार किती, हे दिले आहे का? ‘थरार’, ‘खळबळ’, ‘निर्घृण’ यांपैकी शब्द शीर्षकात आहे का? घटनास्थळाचे छायाचित्र आहे का? हे तीन रकाने दोन अनोळखी माणसे सारखेच भरतील. ‘सनसनाटी’ हा निष्कर्ष आहे. तो त्या रकान्यांच्या बेरजेतून शेवटी काढायचा असतो, शीट भरताना लिहायचा नसतो.

प्रश्न ठरला, मग अंक कोणते घ्यायचे हे आले. गुन्हेगारीच्या एकूण बातम्यांचे प्रमाण पाहायचे असते तर सोपे होते. त्यासाठी ‘रचित सप्ताह’ घेतात. वर्षातले सगळे सोमवार लिहून त्यांतून चिठ्ठी टाकून दोन काढायचे, तसेच दोन मंगळवार, दोन बुधवार, असे रविवारपर्यंत. चौदा अंक होतात. डॅनियल राइफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवले, की दैनिकाच्या वर्षभराच्या आशयाचा अंदाज घ्यायला असे दोन रचित सप्ताह पुरतात. सरळ चौदा दिवसांच्या चिठ्ठ्या काढल्या तर त्यात चार रविवार येऊ शकतात आणि वृत्तपत्राला वाराची लय असते. रविवारी न्यायालये बंद असतात, म्हणून सोमवारच्या अंकात निकालांच्या बातम्या कमी आणि अपघात-मारामाऱ्या जास्त. रविवारचा अंक तर वेगळाच असतो.

तिच्या प्रश्नाला मात्र हे चालणार नव्हते. पतीने किंवा ओळखीच्या पुरुषाने केलेल्या खुनाच्या बातम्या चौदा अंकांत हाताच्या बोटांवर मोजाव्या एवढ्याच मिळतील, त्यावर काही सांगता येणार नाही. दुर्मीळ गोष्ट मोजायची असेल तर कालावधीतला प्रत्येक अंक पाहावा लागतो. तिने तीन दैनिकांच्या पुणे आवृत्त्या आणि सहा महिने असे धरले. पाचशेहून अधिक अंक झाले. शहर, जिल्हा आणि राज्याची पाने चाळायला एका अंकाला पंधरा मिनिटे धरली तरी एकशे तीस तासांच्या वर जातात, म्हणजे रोज दोन तास बसून दोन महिने. हा हिशेब आधी करावा. अर्ध्यात दमून एका दैनिकाचे अंक सोडून दिले, की तुलना संपली.

आवृत्ती हाही एक फसवा मुद्दा आहे. आपल्या मोठ्या दैनिकांच्या जिल्हावार आवृत्त्या निघतात, आणि पुण्याच्या अंकात चार ओळींत संपलेली घटना सोलापूरच्या अंकात तीन कॉलम असते. म्हणून ‘अमुक दैनिक’ एवढे लिहून भागत नाही. कोणत्या शहराची आवृत्ती, छापील की ई-पेपर, आणि संकेतस्थळावरच्या बातम्या नक्की वगळल्या ना, हे सगळे पद्धतीच्या प्रकरणात यावे लागते. संकेतस्थळावरचे शीर्षक दुपारपर्यंत तीनदा बदललेले असू शकते. छापलेले शीर्षक बदलत नाही.

शोधयंत्रात ‘खून’ टाकून बातम्या गोळा करण्याचा मोह तिलाही झाला. पहिल्याच आठवड्यात तो सुटला. ई-पेपरची पाने पुष्कळदा नुसती चित्रे असतात, त्यांत शब्द शोधता येत नाही. जिथे येतो तिथेही ‘खून’ला ‘हत्या’ सापडत नाही आणि ‘गळा आवळला’, ‘जीव घेतला’, ‘डोक्यात वरवंटा घातला’ यांपैकी तर काहीच सापडत नाही. पाने डोळ्यांनीच वाचावी लागतात.

मग कोणती बातमी घ्यायची आणि कोणती नाही? इथे नियम लिहून ठेवला नाही तर शीटचा पुढचा सगळा भाग डळमळतो. तिने नियम केला : मृत व्यक्ती स्त्री, आणि बातमीत आरोपी किंवा संशयित म्हणून पती, माजी पती, प्रियकर, लग्नाची मागणी घालणारा किंवा कुटुंबातला पुरुष यांपैकी कुणाचा उल्लेख. लगेच प्रश्न आला, की ‘विवाहितेची आत्महत्या, पतीवर गुन्हा’ हिचे काय? भारतीय न्याय संहितेच्या कलम ८० नुसार लग्नानंतर सात वर्षांच्या आत, हुंड्याच्या छळानंतर झालेला अनैसर्गिक मृत्यू हुंडाबळी ठरू शकतो. म्हणजे बातमीत ‘आत्महत्या’ लिहिलेले असले तरी कायद्याच्या दृष्टीने तो वेगळा गुन्हा असू शकतो. तिने या बातम्या घेतल्या, पण ‘गुन्ह्याचा प्रकार’ या रकान्यात त्यांना स्वतंत्र क्रमांक दिला, म्हणजे शेवटी त्या बाजूला काढून खुनाचे आकडे वेगळे पाहता आले.

मोजायचे एकक एक बातमी. सोपे वाटते, पण ‘संक्षिप्त’ सदरात एकाखाली एक पाच गुन्हे असतात, तिथे प्रत्येक परिच्छेद ही एक बातमी. पहिल्या पानावर सुरू होऊन पाचव्या पानावर संपणारी ही एकच बातमी. आणि एकाच घटनेवर आठवडाभर पाठपुरावा चालला तर त्या सात बातम्या. म्हणून बातमीच्या क्रमांकाशेजारी घटनेचा वेगळा क्रमांक हवाच. तीन दैनिकांत मिळून पंधरा बातम्या आल्या तरी घटना क्रमांक एकच. याचे मोल शेवटी कळते. गाजलेले एक प्रकरण पन्नास बातम्या घेऊन येते आणि ‘शीर्षकात प्रियकराचा उल्लेख’ हा आकडा एकटे वर ओढते. घटनेनुसार मोजले तर तेच प्रमाण निम्म्यावर येऊ शकते. दोन्ही तक्ते द्यावेत आणि कोणता कशाबद्दल आहे हे लिहावे. पहिला वाचकासमोर काय आले ते सांगतो, दुसरा वृत्तपत्राने घटना कशी हाताळली ते.

आता शीट. इथे दोन गोष्टी विद्यार्थी एक समजतात. कोडिंग शीट म्हणजे आडवा तक्ता : एका ओळीत एक बातमी, एका उभ्या रकान्यात एक चल, आणि चौकटीत आकडा. कोडबुक म्हणजे त्या प्रत्येक आकड्याचा अर्थ आणि तो कधी द्यायचा याचे नियम, उदाहरणांसह. शीट तासाभरात आखून होते. कोडबुकला तीन आठवडे लागतात, आणि प्रबंधाचा खरा जीव त्यात असतो.

तिच्या शीटचे पहिले रकाने ओळख पटवणारे होते : बातमी क्रमांक, घटना क्रमांक, दैनिक, तारीख, पान, कॉलमची संख्या. यात पुढे काही गुंतागुंत झाली नाही. एक काळजी मात्र तिने घेतली आणि ती प्रत्येकाने घ्यावी : शीटमध्ये मृत स्त्रीचे नाव लिहिले नाही, फक्त घटना क्रमांक. लैंगिक गुन्ह्यांच्या बातम्या घेतल्या तर हे कायद्यानेच बंधनकारक आहे. न्याय संहितेचे कलम ७२ आणि बालकांसाठी पॉक्सो कायद्याचे कलम २३ पीडितेची ओळख उघड करायला मनाई करतात, आणि २०१८ च्या निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नाव न घेता ओळख पटेल असे तपशील देणे हेही उल्लंघनच. प्रबंधाच्या परिशिष्टात कात्रणाची छायाप्रत लावणे यात येऊ शकते, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

त्यानंतरचे रकाने प्रश्नाचे. शीर्षकात मारणारा दिसतो का? ‘पतीने पत्नीचा गळा आवळला’ यात तो कर्ता आहे, म्हणून १. ‘पत्नीचा खून, पतीला अटक’ यात तो आहे, पण खुनाला जोडलेला नाही, अटकेला जोडलेला आहे, म्हणून २. ‘विवाहितेचा खून’ यात तो नाहीच, म्हणून ३. मग शीर्षकात कारण आहे का, असेल तर ते शब्द जसेच्या तसे. त्यापुढे त्याचा गट : चारित्र्याचा संशय, नकार किंवा एकतर्फी प्रेम, पैसा किंवा हुंडा, दारू, किरकोळ किंवा घरगुती वाद, इतर. ‘कारण दिलेले नाही’ याला ०, आणि ‘पान फाटलेले, वाचता येत नाही’ याला ९९. या दोन्हींना एकच रिकामी चौकट ठेवली तर ‘कारण न देणे’ ही बातमीतली महत्त्वाची निवड आणि खराब झालेला कागद एकमेकांत मिसळतात. ‘इतर’वरही लक्ष ठेवायचे. दहातल्या एकाहून जास्त बातम्या तिथे जाऊन पडू लागल्या तर एखादा गट आखायचा राहून गेला असे समजावे आणि जपून ठेवलेले मूळ शब्द पुन्हा वाचावेत.

शेवटचा रकाना सगळ्यांत कठीण, कारण त्याच्यासाठी हा खटाटोप होता : हे कारण बातमीत कुणाच्या तोंडी आहे?

एक नमुना घेऊ. खालची बातमी रचलेली आहे, पण तिचा सांगाडा रोजचाच आहे. शीर्षक : ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’. उपशीर्षक : ‘आरोपी पतीला अटक’. मजकूर : “चारित्र्यावर संशय घेऊन पतीने पत्नीचा गळा आवळून खून केल्याची घटना मंगळवारी रात्री उघडकीस आली. याप्रकरणी पोलिसांनी पतीला अटक केली आहे. दोघांमध्ये वारंवार वाद होत होते. आरोपीने गुन्ह्याची कबुली दिल्याचे पोलिसांनी सांगितले. मृत महिलेच्या भावाने फिर्याद दिली असून, पती माहेरहून पैसे आणण्यासाठी तिला मारहाण करीत असे, असे त्यात म्हटले आहे.”

शीर्षकात मारणारा दिसतो का? नाही, ३. उपशीर्षकात तो आहे, पण उपशीर्षकाचा रकाना वेगळा ठेवलेला असल्याने तिथे २. शीर्षकातले कारण : ‘चारित्र्याच्या संशयावरून’, गट १. आता ते कुणाच्या तोंडी? माझ्या विद्यार्थिनीने पहिल्यांदा अशा बातमीला ‘पोलीस’ असे लिहिले होते, कारण मजकुरात ‘पोलिसांनी सांगितले’ आहे. मी तिला ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितले. पोलीस सांगतात ती कबुली, आणि कबुली गुन्ह्याची आहे. संशयाचे वाक्य पहिले आहे आणि त्याला कुणाचाच आधार दिलेला नाही. ते बातमीदाराच्या स्वतःच्या आवाजात, झालेली गोष्ट म्हणून उभे आहे. म्हणून उत्तर : ‘स्रोत नाही’.

आता शेवटची ओळ. तिथे दुसरे कारण आहे, पैसा आणि आधीपासूनची मारहाण. त्याचा स्रोत नेमका दिलेला आहे : भावाची फिर्याद. म्हणजे या बातमीत ज्याला स्रोत आहे ते कारण शेवटच्या परिच्छेदात आहे आणि ज्याला स्रोत नाही ते शीर्षकात. एका बातमीला दोन कारणे असू शकतात हे कळल्यावर तिला शीट बदलावी लागली. ‘दुसरे कारण’, ‘त्याचा स्रोत’ आणि ‘ते कितव्या परिच्छेदात’ असे तीन रकाने वाढले. ‘पूर्वीच्या हिंसेचा उल्लेख’ हा आणखी एक. आधी भरलेल्या तीस बातम्या तिने पुन्हा पहिल्यापासून भरल्या. हे टाळता येत नाही. मधेच नियम बदलून पुढे चालू ठेवले, तर पहिल्या आणि शेवटच्या बातम्या वेगवेगळ्या फूटपट्ट्यांनी मोजल्या जातात.

‘संशय’ हा शब्द मुळात येतो कुठून? गुन्हा चार भिंतींच्या आत घडलेला, साक्षीदार नसतो, बाई गेलेली असते. मनात काय होते हे सांगणारा एकच माणूस उरतो, आणि तो पोलिसांच्या ताब्यात असतो. त्याचे म्हणणे तपास अधिकाऱ्याकडून बातमीदाराकडे जाते. ‘आरोपीने पोलिसांना सांगितले की’ हे शब्द कधी तिथे गळतात, कधी उपसंपादक शीर्षक कॉलमात बसवतो तेव्हा. उरते ते ‘संशयावरून’. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ नुसार पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही. जुन्या कायद्यातही हेच होते, कलम २५. न्यायालय जो जबाब जमेला धरत नाही, त्यातले कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मृत स्त्रीच्या चारित्र्याबद्दलचे शीर्षक होऊन घरोघर पोचलेले असते. मला या विषयात सर्वांत जास्त हीच गोष्ट बोचते, आणि म्हणून त्या एका रकान्यासाठी मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा बसवते.

शीट तयार झाली, आता ती दुसऱ्याच्या हाती चालते का ते पाहायचे. यासाठी मुख्य कालावधीबाहेरच्या चाळीस बातम्या घेतल्या. त्या तिने भरल्या आणि तिच्या वर्गातल्या एका मित्राने फक्त कोडबुक वाचून भरल्या, एकमेकांशी न बोलता. ‘कारणाला स्रोत आहे की नाही’ या रकान्याचा हिशेब कसा मांडतात ते गोल आकडे धरून दाखवते. समजा, तीस बातम्यांत दोघांनीही ‘नाही’ लिहिले, दोन बातम्यांत दोघांनीही ‘आहे’ लिहिले, आणि आठ बातम्यांत मतभेद झाला, चार एका बाजूने आणि चार दुसऱ्या. चाळीसपैकी बत्तीस जुळल्या, म्हणजे ८० टक्के. प्रबंधात एवढे लिहून पुढे जाणारे पुष्कळ असतात.

पण दोघांनीही चाळीसपैकी चौतीस वेळा ‘नाही’ लिहिले आहे. इतके ‘नाही’ डोळे मिटून टाकले तरी पुष्कळशी उत्तरे आपोआप जुळणार. ती योगायोगाची जुळणी वजा करायला जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेला कप्पा हा गुणांक वापरतात.

```
kappa = (Po - Pe) / (1 - Pe)
Pe = (34/40)*(34/40) + (6/40)*(6/40) = 0.745
kappa = (0.80 - 0.745) / (1 - 0.745) = 0.22
```

`Po` म्हणजे प्रत्यक्ष जुळणी, `Pe` म्हणजे योगायोगाने अपेक्षित जुळणी. ८० टक्के दिसणाऱ्या जुळणीतून योगायोग काढल्यावर हाती ०.२२ राहते, आणि १ म्हणजे पूर्ण जुळणी. एवढ्या रकान्यावर काही लिहिता येत नाही. साधारणपणे ०.८० च्या वर हवे, आणि ०.६७ च्या खाली असेल तर तो रकाना निष्कर्षात वापरू नये. या दोन पायऱ्या क्लाउस क्रिपेनडॉर्फ यांनी त्यांच्या अल्फा या गुणांकासाठी सुचवलेल्या आहेत, आणि कप्पालाही त्या लावल्या जातात. कोडिंग करणारे दोनाहून अधिक असतील तर अल्फाच वापरावा.

कमी आकडा आला म्हणजे मित्र निष्काळजी होता असे नव्हे. मतभेदाच्या बातम्या शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात, त्यांतच दोष सापडतो. इथे तो ‘असल्याचे समजते’, ‘प्राथमिक तपासात निष्पन्न झाले’, ‘अशी चर्चा आहे’ या शब्दांत सापडला. तिला हे स्रोत वाटत नव्हते, मित्राला वाटत होते. मराठीत ही अकर्तृक वाक्ये ऐकीव माहितीचा आव तर आणतात, पण सांगणाऱ्याला पुढे येऊ देत नाहीत. कोडबुकात नवा नियम आला : ज्याच्यावर बोट ठेवता येईल असा माणूस, पद किंवा कागद (फिर्याद, एफआयआर, न्यायालयातला जबाब) असेल तरच ‘स्रोत आहे’. ‘समजते’, ‘बोलले जाते’, ‘निष्पन्न झाले’ यांना वेगळा क्रमांक, ‘अनाम स्रोत’, आणि जुळणी तपासताना तो ‘नाही’त धरायचा. आणखी एक नियम असा, की स्रोत त्याच वाक्यात किंवा त्याला लागून असलेल्या वाक्यात त्याच कारणाला जोडलेला हवा. बातमीत इतरत्र कुठे ‘पोलिसांनी सांगितले’ असून चालत नाही.

दुसरी फेरी नव्या चाळीस बातम्यांवर घ्यावी लागते. जुन्यांवर घेतली तर झालेली चर्चा आठवून दोघे तीच उत्तरे देतात. समजा, या वेळी बारांमध्ये दोघांचे ‘आहे’, सव्विसांमध्ये दोघांचे ‘नाही’, आणि फक्त दोनांत फरक, एकेक दोन्ही बाजूंनी. जुळणी ९५ टक्के, अपेक्षित जुळणी ०.५६, आणि कप्पा ०.८९. आता मुख्य काम सुरू करता येते. प्रबंधात प्रत्येक रकान्याचा कप्पा वेगळा द्यावा. सगळ्यांची सरासरी दिली तर ‘तारीख’ आणि ‘पान’ असले सोपे रकाने कठीण रकान्याचे अपयश झाकतात. दुसरे माणूस मिळालेच नाही तर काही विद्यार्थी त्याच बातम्या तीन आठवड्यांनी स्वतःच पुन्हा भरतात. ते केलेले बरे, पण त्याने एवढेच कळते, की तुम्ही स्वतःशी सुसंगत आहात. तुमचा नियम दुसऱ्याला कळतो का, हे त्याने कळत नाही.

आकडे हाती आले, की त्यांच्याकडून जास्त वदवून घेण्याची घाई होते. पहिली चूक म्हणजे बातम्यांची टक्केवारी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, म्हणजे एनसीआरबीच्या, आकड्यांशेजारी ठेवून ‘वृत्तपत्रे अतिशयोक्ती करतात’ असे म्हणणे. एनसीआरबी नोंदवलेले गुन्हे मोजते, बातम्या नाही. एका एफआयआरमध्ये अनेक कलमे असतील तर त्यांतला सर्वांत गंभीर गुन्हाच ती मोजणीत धरते, म्हणजे खुनाबरोबरचा छळ तिच्या तक्त्यात वेगळा दिसत नाही. तुलना करायचीच तर घटना क्रमांकांची, त्याच शहराची, त्याच काळाची आणि याच मर्यादा लिहून. एफ. जेम्स डेव्हिस यांनी १९५२ मध्ये कोलोराडोतल्या वृत्तपत्रांचा अभ्यास केला तेव्हा गुन्ह्यांच्या बातम्यांची वाढ-घट आणि प्रत्यक्ष गुन्ह्यांची वाढ-घट यांत सुसंगत नाते सापडले नव्हते. तेव्हापासून हा प्रश्न विचारला जातो आहे, पण त्याला दोन्ही बाजूंचे आकडे लागतात. नुसत्या कात्रणांवरून त्याचे उत्तर मिळत नाही.

दुसरी चूक म्हणजे हेतू सांगणे. ‘संपादक स्त्रीला दोषी ठरवतात’ हे शीटमधून निघत नाही. शीट एवढेच सांगते, की शीर्षकात कारण किती वेळा आले, त्यातले किती स्रोताविना, आणि नातेवाइकांनी सांगितलेले कारण कितव्या परिच्छेदात पडले. असे का होते, हे विचारायला क्राइम बीटवरच्या बातमीदारांना आणि रात्रपाळीच्या उपसंपादकांना भेटावे लागते. तिने चौघांना भेटून वेगळे प्रकरण लिहिले. त्यांतल्या एकाचे म्हणणे तिने टिपून आणले होते, की रात्री साडेअकराला फिर्याद हातात नसते, असतो तो ठाण्यातून आलेला फोन. वाचकावर काय परिणाम होतो हा तर तिसराच अभ्यास, त्यासाठी वाचक लागतात.

एक गोष्ट तिच्या सहा महिन्यांच्या चौकटीत बसली नाही आणि तिने ती मर्यादा म्हणून लिहिली. खटल्याचा निकाल वर्षांनी लागतो. तेव्हा ‘पतीला जन्मठेप’ किंवा ‘पती निर्दोष’ अशी बातमी येते, आणि खुनामागे न्यायालयाला काय सिद्ध झालेले दिसले हे कळायची जागा तीच. पहिल्या दिवशीचे ‘संशयावरून’ तिथे टिकते की बदलते, हे पाहायचे तर सुरुवात उलट्या टोकाने करावी लागेल : गेल्या वर्षीच्या निकालांच्या बातम्या गोळा करायच्या, प्रत्येकीला घटना क्रमांक द्यायचा, आणि त्याच दैनिकाच्या जुन्या अंकांत त्या घटनेची पहिली बातमी शोधत मागे जायचे. शीटला दोनच नवे रकाने लागतील : पहिल्या दिवशीचे कारण आणि निकालाच्या दिवशीचे कारण.